निळं पडलेलं पनीर

सोमवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला डोहाळजेवणवाल्या मुलीचा फोन आला. आदल्याच दिवशी मुलुंड पूर्वेला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही ऐंशी पानांचं जेवण दिलं होतं. मला वाटलं, डबे परत करायला फोन केला असेल. पण तिचा आवाज बारीक झालेला. "काकू, ती पनीरची भाजी मी काल दोनदा घेतली होती. बाळाला काही होणार नाही ना?"

मला काहीच कळेना. मग तिने व्हिडिओ पाठवला. वर मजकूर होता: "सावधान! पनीरमध्ये केमिकल. आयोडीन टाकताच निळं. गरोदर बाईलाही हेच खायला घातलं. सगळ्या ग्रुपवर पाठवा." खाली आमच्या केटरिंगचं नाव होतं, पूर्ण, फोन नंबरासकट. मजकुराच्या डोक्यावर दोन बाणांची ती खूण आलेली होती. म्हणजे माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो बऱ्याच हातांतून फिरला होता.

व्हिडिओ चाळीसेक सेकंदांचा. स्टीलच्या ताटलीत पनीरचा एक तुकडा. एक हात तो उचलतो, नळाखाली धरतो, दोन बोटांनी चोळून धुतो, पेपर नॅपकिनने टिपतो, परत ताटलीत ठेवतो. मग जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब. थेंब पडतो तेव्हा तपकिरी असतो. दोन-तीन सेकंदांत तुकड्याची कड काळीनिळी होते, शाई सांडल्यासारखी. मागून एक बाई म्हणते, "अगंबाई!" त्या "अगंबाई"त खरी भीती होती. मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी मला तो आवाजच लागला.

मुलीला मी एवढंच विचारलं की उलटी, जुलाब, ताप, पोटात कळ, काही आहे का. काहीच नव्हतं. घरात बाकी कुणालाही नव्हतं. मी म्हटलं, "मीही काल रात्री तेच जेवले आहे, बाळा. तरी माझ्या शब्दावर राहू नकोस, उद्या तुझ्या डॉक्टरांना विचार. आणि ते निळं का झालं ते मला आत्ता सांगता येत नाहीये. उद्या संध्याकाळपर्यंत शोधून तुला सांगते." फोन ठेवल्यावर पाय गळून गेले. बावीस वर्षं भांडुपच्या गाळ्यात भट्टी पेटवते आहे. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकाबद्दल मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर जे केलं ते चुकलं, तेही सांगते. रात्री अकरा वाजता मी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपसाठी भलामोठा मजकूर लिहिला. हे सगळं खोटं आहे, आमचं पनीर बनावट नाही, आमच्याकडे लायसन्स आहे, बावीस वर्षांत एक तक्रार नाही. सोबत एफएसएसएआयच्या लायसन्सचा फोटो, चौदा आकडी नंबर दिसेल असा. यजमानीणबाईंनी तो ग्रुपवर टाकला. ज्यांनी व्हिडिओ पाहिलाच नव्हता त्यांनी माझा मजकूर वाचून "कसला व्हिडिओ?" असं विचारलं, आणि कुणीतरी तो त्यांच्यासाठी परत टाकला. सकाळपर्यंत तो आणखी दोन विंगच्या ग्रुपवर आणि शेजारच्या सोसायटीत गेला. मीच त्याला पाय फोडले होते.

त्याच ग्रुपवर एका तरुणाने लिहिलं होतं: "लायसन्स आहे म्हणजे कालचं पनीर चांगलं होतं, हे कसं?" वाचून आधी संताप आला. मग जरा थांबल्यावर वाटलं, बरोबरच विचारतोय. लायसन्स माझ्या गाळ्याला मिळालेलं आहे. रविवारच्या टोपात काय होतं, याची ग्वाही ते कशी देणार?

मंगळवारी सकाळी दुसरा फोन आला. शुक्रवारची मुंज, अडीचशे पानं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका, घरात मोठी माणसं ऐकत नाहीत." ऑर्डर गेली. मुलगा म्हणाला, वकिलाची नोटीस पाठवू. मी नको म्हटलं. नोटीस गेली असती तर व्हिडिओ करणारे गृहस्थ गप्प बसले असते, पण निळं का झालं हा प्रश्न सगळ्यांच्या मनात तसाच राहिला असता. माझ्याही.

माझी शाळेतली एक मैत्रीण विज्ञान शिकवायची, आता निवृत्त आहे. तिला व्हिडिओ पाठवला. तिने पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "ग्रेव्हीत काय काय घालता तुम्ही?"

आयोडीनची ही परीक्षा आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलेली आहे. चिरलेल्या बटाट्यावर थेंब टाकला की निळंकाळं होतं, कारण बटाट्यात स्टार्च असतो. खव्यात किंवा पनीरमध्ये कुणी पीठ मिसळलंय का, हे पाहायला हीच परीक्षा वापरतात आणि ती चांगली आहे. फक्त ती कच्च्या पनीरवर करायची असते. पनीरचा तुकडा साध्या पाण्यात उकळायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग दोन-तीन थेंब टाकायचे. निळं झालं तर पीठ आहे. आयोडीनला स्टार्च तेवढा कळतो. तो पनीरच्या पोटातला आहे की रश्श्यातून चिकटलेला आहे, हे त्याला कळत नाही. आणि व्हिडिओतला तुकडा तर रात्रभर माखनवालाच्या रश्श्यात बुडून डब्यात राहिलेला होता.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जरा जड गेलं. रश्श्यात टोमॅटो, लोणी, काजू आणि मगज. काजूतही स्टार्च असतो, बराच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पण काजूशिवायही एक गोष्ट होती. वीस लिटरच्या टोपाला आम्ही साधारण शंभर ग्रॅम कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून घालतो. बुफेला भाजी बर्नरवर दोन-अडीच तास गरम राहते. काजूचा रस्सा एवढा वेळ तापत राहिला की फुटतो, वर तुपाचा तवंग येतो आणि खाली रवाळ गाळ बसतो. कॉर्नफ्लोरने तो धरून राहतो. कुणाही आचाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. यात लपवण्यासारखं काही नाही असं मी मैत्रिणीला म्हटलं खरं, पण आमच्या मेनूकार्डावर काय छापलं होतं ते मला आठवत होतं. "रिच काजू ग्रेव्ही". कॉर्नफ्लोरचं नाव कुठेच नव्हतं.

दुपारी गाळ्यात बसून आम्ही चार बशा मांडल्या. रविवारच्या मालातली एक किलोची तीन पाकिटं फ्रीजमध्ये न फोडता शिल्लक होती, बॅच नंबर बिलाशी जुळत होता. दोन पाकिटं तशीच बंद ठेवली, तिसरं फोडलं. पहिल्या बशीत कच्चं पनीर उकळून गार केलेलं. दुसरीत तेच पनीर रश्श्यात शिजवून, तासभर मुरवून, व्हिडिओतल्यासारखं नळाखाली चोळून धुतलेलं. तिसरीत नुसता रस्सा, पाणी घालून पातळ केलेला, म्हणजे लाल रंगात निळा लपणार नाही. चौथ्या बशीची कल्पना मैत्रिणीची. अर्धा लिटर दुधात दोन चमचे कॉर्नफ्लोर घालून उकळलं, लिंबू पिळून फाडलं, फडक्यात बांधून वजनाखाली दाबलं. म्हणजे खरोखर भेसळीचं पनीर कसं दिसतं ते डोळ्यांनी पाहता येईल.

पहिल्या बशीत थेंब तपकिरीच राहिला. दुसरीत कड काळीनिळी झाली, हुबेहूब व्हिडिओतल्यासारखी. माझ्या पोटात धस्स झालं, कारण पाहणाऱ्याला हे दोन्ही तुकडे एकाच पाकिटातले आहेत हे कसं कळावं? तेव्हा मैत्रीण म्हणाली, "सुरी दे." तिने दुसऱ्या बशीतला तुकडा मधोमध कापला आणि कापलेल्या बाजूवर थेंब टाकून पसरवला. बाहेरून नखाच्या जाडीएवढी निळी किनार, आत सगळं आयोडीनच्याच पिवळट तपकिरी रंगाचं. मग चौथ्या बशीतला तुकडा तसाच कापला. तो आतपर्यंत काळानिळा झाला, कडेला आणि मध्ये काही फरकच नाही. पीठ रश्श्यातून आलं असेल तर किनार होते. दुधातच घातलेलं असेल तर सगळा तुकडा निळा होतो. अर्थात तुकडा चिरलेला किंवा भुसभुशीत असेल तर रस्सा भेगांतून आत जातो आणि आतही निळ्या रेघा दिसतात, म्हणून तुकडा अखंड निवडायचा.

संध्याकाळी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं, कॉर्नफ्लोरसकट. ती म्हणाली, "म्हणजे सूपमध्ये घालतो तेच ना?" तेच. पलीकडे ती किती तरी वेळ काही बोलली नाही आणि मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला. मलाही भरून आलं.

मग तिच्या नवऱ्याकडून व्हिडिओ करणाऱ्या गृहस्थांचा नंबर घेतला. सी विंगमधले, पन्नाशीचे. मी मनात किती काय काय ठरवून फोन लावला होता, पण ते पहिल्याच वाक्यात म्हणाले, "बाई, माझं तुमच्याशी काही वैर नाही. पेपरात रोज येतं. सणाच्या आधी धाडी पडतात, शेकडो किलो माल पकडतात. माझ्या आईचं वय एक्क्याऐंशी आहे, तिनेही तुमच्याकडचं खाल्लं."

त्यांची भीती पोकळ नव्हती. बाजारात पामतेल आणि दूध पावडरीचं पनीरसारखं दिसणारं उत्पादन आहे, त्याला अ‍ॅनालॉग म्हणतात. ते विकायला बंदी नाही, पण लेबलावर तसं लिहावं लागतं आणि त्याला पनीर म्हणता येत नाही. स्वस्त असल्यामुळे ते पनीर म्हणून खपवलं जातं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे "बनावट पनीर ही अफवा आहे" असं मी म्हणूच शकत नव्हते. मला एवढंच सांगायचं होतं की रविवारचा तुकडा निळा झाला तो रश्श्यामुळे. मी त्यांना म्हटलं, "दादा, बुधवारी संध्याकाळी हॉलवर या. बाटली तुमचीच आणा, थेंब तुम्हीच टाका."

बुधवारी पंचवीसेक माणसं आली. आजी आल्या होत्या, खुर्चीत बसून. सोसायटीचे सेक्रेटरी, यजमानीणबाई, तो लायसन्सवाला तरुण. पाकीट मी सगळ्यांसमोर फोडलं, बिल आणि बॅच नंबर हातोहात फिरवला. हॉलमागच्या ओट्यावर रस्सा उकळत होता. घाईघाईत मी तसाच वाफाळता रस्सा बशीत काढला आणि गृहस्थांनी थेंब टाकला. काहीच झालं नाही. थेंब पडला तिथे क्षणभर सावली आल्यासारखी वाटली आणि गेली. हॉलमध्ये चिडीचूप. कुणीतरी पुटपुटलं, "रश्श्यात तर काही नाहीच."

मला घाम फुटला. मैत्रीण मात्र शांत होती. "गरमात रंग धरत नाही. बशी खाली पाण्यात ठेवा." परातीत गार पाणी ओतून बशी त्यात ठेवली. सगळे परातीभोवती वाकले. तीन-चार मिनिटं गेली असतील. आधी कडेला करडी छटा आली, मग ती आत सरकत गेली, आणि बघता बघता अख्खा रस्सा शाईसारखा झाला. आजी म्हणाल्या, "आला गं बाई रंग!" तो क्षण मी विसरणार नाही. नंतर वाटलं, ती चूक झाली ते बरंच झालं. सगळं ठरल्यासारखं झालं असतं तर लोकांनी ते एका बाजूला उभं राहून पाहिलं असतं. चुकल्यामुळे ते परातीपाशी आले आणि रंग येताना त्यांनी स्वतः पाहिला.

मग तुकडे कापले. गृहस्थांनी स्वतः सुरी घेतली, माझ्या तुकड्याची किनार आणि चौथ्या बशीतला आतपर्यंत निळा तुकडा शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. त्यावर यजमानीणबाई म्हणाल्या, सगळ्यांसमोर, "म्हणजे काजूचे पैसे घेतलेत आणि कॉर्नफ्लोर घातलंत." वीस लिटरला शंभर ग्रॅम, का घालतो, नाही घातलं तर काय होतं, सगळं मी सांगितलं. त्यांना ते पटलंही. पण कार्डावर लिहायला हवं होतं, हे मी कबूल केलं. एखाद्याला पथ्य असतं, एखाद्याला काजू चालत नाहीत. जी गोष्ट मला इतकी साधी वाटत होती ती आधीच लिहिलेली असती, तर त्या रात्री मुलीला मी लगेच उत्तर देऊ शकले असते.

आणि एक गोष्ट मी तिथे मुद्दाम सांगितली, मुलाला ती आवडली नाही तरी. आयोडीनला निळं झालं नाही म्हणजे पनीर अस्सल, असंही नाही. पामतेलाच्या मालात पीठ नसेल तर थेंब तपकिरीच राहतो. ते फक्त प्रयोगशाळेतच कळतं, त्यातलं फॅट काढून ते दुधाचं आहे की वनस्पतीचं हे तपासतात. म्हणून दुसरं बंद पाकीट मी सकाळीच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिलं होतं. आठवडा लागेल असं त्यांनी सांगितलं होतं. तोवर मला फक्त निळ्याचा खुलासा करता येत होता, त्यापलीकडे नाही. आणि माझ्या तपासणीवर विश्वास नसेल तर ज्याने माल विकत घेतला त्यालाही फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घ्यायचा हक्क आहे, अन्न सुरक्षा कायद्याच्या 40व्या कलमात तो दिलेला आहे, हेही सांगितलं. तो तरुण फोनवर ते लिहून घेत होता.

त्या रात्री गृहस्थांनी स्वतःच्या नंबरवरून नवा व्हिडिओ टाकला. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. जुना व्हिडिओ त्यात परत दाखवू नका. आणि पहिल्या वाक्यात पनीर निळं का झालं ते सांगा. त्यांनी मान्य केलं. "रविवारच्या जेवणातला जो तुकडा मी तपासला त्याला रश्श्यातलं कॉर्नफ्लोर आणि काजू लागलेलं होतं, म्हणून तो निळा झाला. त्याच बॅचचं कच्चं पनीर आज मी स्वतः तपासलं, हे पाहा." मग कापलेले दोन तुकडे. शेवटी, "मी ज्यांना ज्यांना पाठवला होता त्या सगळ्यांना हा पाठवतोय, तुम्हीही पाठवा." हे शेवटचं त्यांच्या मनाचं होतं, मी सुचवलं नव्हतं. त्यांच्या फोनवरून जुना व्हिडिओ अकरा ठिकाणी गेला होता. त्यांनी एकेक ठिकाण शोधून तिथे नवा टाकला. माझ्या नंबरावरून मी शंभर वेळा सांगितलं असतं तरी तिथवर ते गेलं नसतं, कारण त्या अकरातले नऊ ग्रुप कुठले आहेत हेच मला माहीत नव्हतं.

पुढच्या बुधवारी अहवाल आला. स्टार्च नाही. वनस्पती फॅट नाही. पनीरच्या कोरड्या भागात किमान 50 टक्के दुधाचं फॅट असायला हवं असा नियम आहे, आमच्या पाकिटात ते 52 टक्क्यांच्या वर होतं. मी अहवालाची दोन्ही पानं जशीच्या तशी पाठवली, त्यावर एक ओळ लिहून. उत्तरं फार आली नाहीत. तोवर लोक पाण्याच्या टँकरच्या वादात गुंतले होते. डोहाळजेवणवालीने मात्र फोन केला.

मुंजीची ऑर्डर परत आली नाही, त्यांनी दुसरीकडे दिली होती. त्यानंतर दोन महिन्यांनी ठाण्याहून एका बाईंचा फोन आला, साखरपुड्याचं विचारायला, आणि दर सांगून झाल्यावर त्या चाचरत म्हणाल्या, "तुमच्याबद्दल एक व्हिडिओ पाहिला होता मी…" कुठल्या ग्रुपवर, कुणी पाठवला, त्यांना आठवत नव्हतं. जुना तेवढा त्यांच्यापर्यंत गेला होता, नवा नाही. मी त्यांना गृहस्थांचा व्हिडिओ आणि अहवाल पाठवला. त्यांनी आम्हाला ऑर्डर दिली, पनीर वगळून.

आता काउंटरवर भाजीपुढे आम्ही छोटं कार्ड ठेवतो. टोमॅटो, काजू, मगज, लोणी, कॉर्नफ्लोर. प्रत्येक ऑर्डरच्या पनीरचं एक बंद पाकीट तीन दिवस फ्रीजमध्ये राहतं, वर तारीख आणि यजमानांचं आडनाव. परवा मुलुंडच्याच एका हॉलमध्ये एक लहान मुलगी कार्ड मोठ्याने वाचत होती, आणि तिची आजी म्हणाली, "कॉर्नफ्लोर? बघू, मी पण घालून बघते, माझा रस्सा नेहमी फुटतो." किती घालायचं ते मी त्यांना सांगितलं. घरच्या पातेल्याला अर्धा चमचा, गार पाण्यात कालवून, अगदी शेवटी.